‘मुलीला हजर करा’ छापून येतं, तेव्हा आदेशात काय असतं

बातमी ठरलेल्या साच्याची असते. ‘मुलीला कोर्टात हजर करा, उच्च न्यायालयाचा पोलिसांना आदेश’. खाली दोन परिच्छेद: आईची हेबिअस कॉर्पस याचिका, खंडपीठाने पोलिसांची केलेली कानउघाडणी, पुढची सुनावणी गुरुवारी. गुरुवारची बातमी बहुतेक वेळा येतच नाही. त्या दिवसाचा आदेश अर्ध्या पानाचा असतो आणि त्यात कुणी जिंकलेलं किंवा हरलेलं नसतं. वाचणाऱ्याच्या डोक्यात मात्र पहिली बातमी पक्की बसते आणि हेबिअस कॉर्पस म्हणजे ‘हरवलेलं माणूस कोर्टाने परत मिळवून देणं’ असा समज होतो.

राज्यघटनेच्या मराठी पाठात या रिटला, म्हणजे न्यायालयाच्या हुकमाला, ‘देहोपस्थिती’ म्हटलंय. बोलताना कुणी तो शब्द वापरत नाही. कोर्टात याचिकेला ‘हेबिअस’ म्हणतात आणि जिच्यासाठी किंवा ज्याच्यासाठी याचिका असते त्या माणसाला सरळ ‘कॉर्पस’. ‘कॉर्पस आलाय का?’ हा प्रश्न पहिल्यांदा ऐकणाऱ्या आईवडिलांच्या अंगावर काटा येतो, पण तिथे तो रोजचा शब्द आहे.

याचिकेचा प्रवास समजायला एक प्रकरण धरून चालू. ते मुद्दाम रचलेलं आहे, तपशील मात्र नेहमीचे. मुलगी 19 वर्षांची, कॉलेजला जाते म्हणून निघाली आणि परतली नाही. दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात मिसिंग दाखल झाली. आठवड्याभरात घरच्यांना कळलं की ती दुसऱ्या तालुक्यात एका तरुणाच्या घरी आहे. ठाण्यात खेपा घालून तीन आठवडे गेले, आणि मग आई वकिलाकडे आली.

वकिलाचा पहिला प्रश्न असतो, ‘तिला कुणी कोंडून ठेवलंय हे तुम्ही कशावरून म्हणता?’ इथेच निम्म्या याचिका कच्च्या राहतात. संविधानाच्या अनुच्छेद 226 खाली उच्च न्यायालय हा रिट काढतं तो बेकायदा अटकावाविरुद्ध. माणूस सापडत नाही एवढं पुरत नाही. त्यासाठी मिसिंगचा तपास आहे आणि तो पोलिसांचं काम आहे. त्यामुळे याचिकेत अटकाव करणाऱ्याचं नाव लागतं, तो प्रतिवादी म्हणून लागतो, आणि संशयामागची ठोस वस्तुस्थिती लागते: शेवटचा फोन कधी आला, कुणाच्या नंबरवरून, ती काय बोलली, बोलताना मागे कोण होतं, घरी गेलेल्या मामाला दारातून कुणी परत पाठवलं. आपल्या प्रकरणात प्रतिवादी चार: महाराष्ट्र शासन, ठाण्याचे पोलीस निरीक्षक, तो तरुण आणि त्याचे वडील. सोबत मिसिंगच्या नोंदीची प्रत, पोलीस अधीक्षकांना दिलेला अर्ज, मुलीचा फोटो आणि वयाचा पुरावा.

वयाचा पुरावा सहज जोडायचा कागद वाटतो. प्रत्यक्षात प्रकरण कुठल्या रुळावर जाणार ते तोच ठरवतो. मुलगी 18 च्या खाली असेल तर तिची संमती, तिची इच्छा हा प्रश्न जवळपास मिटतो. बाल कल्याण समिती, मुलांवरील लैंगिक अत्याचारांचा पोक्सो कायदा आणि ताब्याचा प्रश्न पुढे येतो. एका दिवसाने जरी ती 18 च्या वर असेल तर सगळं तिच्या तोंडच्या शब्दावर येतं. वयाबद्दल वाद झाला की बाल न्याय अधिनियमाच्या कलम 94 मधला क्रम बघितला जातो: आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि हे दोन्ही नसतील तरच हाडांची वैद्यकीय तपासणी. शाळेत घालताना वय पुढेमागे केलेलं असलं की ते बरोबर इथे अंगाशी येतं.

आणखी एक गोष्ट वकील खोदून विचारतो, आणि घरचे नेमकी तीच लपवतात: ‘मधल्या काळात ती पोलिसांना भेटली का?’ पुष्कळदा भेटलेली असते. त्या दोघांनी दुसऱ्याच ठाण्यात जाऊन ‘मी माझ्या मर्जीने आले आहे’ असा जबाब दिलेला असतो आणि तो मिसिंगच्या कागदांत लावलेला असतो. याचिकेत त्याचा उल्लेख नसेल तर पहिल्याच तारखेला सरकारी वकील, म्हणजे एपीपी, तो जबाब खंडपीठापुढे ठेवतात. जबाब दबावाखाली घेतला असं म्हणायचं असेल तर ते याचिकेतच, कारणासकट म्हणायला हवं होतं. लपवलेला कागद समोरून आला की याचिकाकर्त्याच्या बाकीच्या शब्दांवरचा विश्वासही जातो.

याचिका दाखल केली की मुंबई उच्च न्यायालयात आधी स्टॅम्प नंबर, म्हणजे तात्पुरता क्रमांक, पडतो. कार्यालयाच्या हरकती दूर झाल्यावर रजिस्टर नंबर मिळतो, पण हेबिअससाठी तोवर थांबायची गरज नसते. वकील प्रॅसिपी, म्हणजे निकड सांगणारा छोटा अर्ज, देऊन खंडपीठापुढे प्रकरण मेन्शन करतो आणि ते त्याच दिवशी किंवा एकदोन दिवसांत बोर्डावर लागतं. ‘उच्च न्यायालयात धाव’ ही बातमी या टप्प्याची. इथवर न्यायालयाने काहीही ठरवलेलं नसतं.

पहिल्या तारखेला काय होतं? एपीपी सूचना घ्यायला वेळ मागतात. खंडपीठ विचारतं, मिसिंग कधीची, तपास अधिकारी कोण, तो आज का आलेला नाही. या वेळी बोललेलं कधी कधी झणझणीत असतं आणि बातमीत तेच येतं. आदेशात ते नसतं. सही होऊन संकेतस्थळावर चढणारा आदेश साधारण एवढाच असतो: ‘एपीपींनी सूचना घेण्यासाठी वेळ मागितला. तपास अधिकाऱ्यांनी पुढील तारखेस कागदपत्रांसह हजर राहावे. मुलीचा शोध घेण्यासाठी आवश्यक पावले उचलून अहवाल सादर करावा. पुढील तारीख अमुक.’ मुलगी कुठे आहे हे माहीत असेल तर त्यात एक वाक्य वाढतं, तिला पुढच्या तारखेस हजर करावं. ‘फटकारलं’ आणि ‘आदेश दिला’ हे दोन शब्द बातमीत शेजारी शेजारी असले तरी त्यांतला दुसराच कागदावर आहे, हे ध्यानात ठेवून बातमी वाचली की अर्धा गोंधळ संपतो.

हजर करण्याचा हा आदेश म्हणजे रिटही नाही, हेही इथेच सांगायला हवं. रिट म्हणजे अंतिम निष्कर्ष: अटकाव बेकायदा आहे, सोडा. हजर करण्याचा आदेश ही चौकशीची पायरी. न्यायालयाला समोरच्या माणसाकडून ऐकायचं असतं म्हणून ते बोलावतं. कुणी दोषी आहे म्हणून नव्हे. त्या तरुणाच्या गावात मात्र बातमी पोचते ती ‘कोर्टाने पकडून आणायला सांगितलंय’ अशी, आणि ते जोडपं घाबरून आणखी लांब जातं. पोलिसांचा पुढचा आठवडा मग टॉवर लोकेशनच्या मागे जातो.

दुसऱ्या तारखेचा आदेश बहुधा मुदतीचा असतो. पथकं पाठवली, दोन्ही मोबाइल बंद आहेत, नातेवाइकांचे जबाब घेतले, आणखी आठ दिवस द्यावेत. अहवाल कधी सीलबंद लिफाफ्यात दिला जातो, म्हणजे ठावठिकाणा आधीच बाहेर फुटू नये. अहवाल नुसता रकाने भरल्यासारखा असेल तर खंडपीठ पोलीस अधीक्षकांना जातीने लक्ष घालायला सांगतं किंवा तपास दुसऱ्या अधिकाऱ्याकडे देतं. ‘कोर्टाचा अल्टिमेटम’ म्हणून छापून येतं ते हेच. मुदत चुकली तर त्याच क्षणी कुणाला तुरुंगात टाकत नाहीत. पुन्हा खुलासा मागतात, पुन्हा तारीख देतात. आदेश जाणूनबुजून धुडकावला असं दिसलं तर अवमानाची नोटीस निघू शकते, पण ती वेगळी कारवाई आहे.

आता मुलगी येते तो दिवस. कोर्टाच्या व्हरांड्यात एका बाजूला आईवडील, काका, गावचे दोघे-तिघे. दुसऱ्या बाजूला महिला पोलिसासोबत ती. अनुभवी वकील आपल्या अशिलाला बजावून ठेवतो की व्हरांड्यात तिच्याजवळ जायचं नाही, हात धरायचा नाही, आजी आजारी आहे असं ओरडून सांगायचं नाही. तिथे झालेली झोंबाझोंबी पाच मिनिटांत आत कळते आणि तिच्या ‘मला घरच्यांची भीती वाटते’ या वाक्याला आयता पुरावा मिळतो.

पुकारा झाला की आधी ओळख आणि वय तपासलं जातं. मग बहुतेक खंडपीठं तिच्याशी चेंबरमध्ये बोलतात. दोन्हीकडचे वकील बाहेर, आईवडील बाहेर, तो तरुण बाहेर, पोलीसही बाहेर. प्रश्न साधे असतात. नाव काय, शिक्षण कुठवर, इथे कुणाबरोबर आलीस, घर का सोडलंस, कुणी धमकी दिली का, फोन तुझ्याजवळ असतो का, बाहेर एकटी जाऊ शकतेस का, आता कुठे जायचंय? फोन आणि बाहेर जाण्याच्या प्रश्नांना फार वजन असतं. अडकवून ठेवलेल्या मुलीच्या हातात फोन नसतो, दाराला बाहेरून कडी असते, पैसे नसतात. ‘मी खूश आहे’ हे वाक्य पढवता येतं. काल भाजी आणायला कुणाबरोबर गेली होतीस, याचं उत्तर पढवणं अवघड जातं.

आईवडिलांना तिला भेटू द्यावं अशी विनंती जवळजवळ दरवेळी होते. ती तयार असेल तर पंधरा-वीस मिनिटं भेट घडवतात, तीही न्यायालयाच्या आवारात आणि कुणाच्या तरी नजरेखाली. नाही म्हणाली तर नाही. काही वेळा न्यायालयं तिला ‘विचार करायला’ चार दिवस महिला वसतिगृहात पाठवत असत. भीतीने खरोखर गांगरलेल्या मुलीसाठी ते समजू शकतं. पण ठाम उत्तर दिलेल्या सज्ञान बाईला आपलं म्हणणं बदलायला दिलेली मुदत म्हणजे नवा अटकावच आहे, आणि तोही न्यायालयाच्याच हुकमाने. मार्च 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देवू जी. नायर प्रकरणात यावर मार्गदर्शक सूचना दिल्या. प्रकरण समलिंगी जोडीदाराने केलेल्या याचिकेतून आलं होतं. हजर केलेल्या व्यक्तीशी खासगीत, मोकळ्या वातावरणात बोलावं, समुपदेशनाच्या नावाखाली तिचं मन वळवू नये आणि अटकाव तिच्या इच्छेविरुद्ध आहे असं दिसलं तर तिला तत्काळ मोकळं करावं, हा त्यांचा गाभा.

आपल्या प्रकरणात मुलगी सांगते की ती स्वतःहून गेली, त्यांनी लग्न केलंय, तिला परत जायचं नाही. मग आदेश होतो तो असा: ‘कॉर्पस हजर आहे. आम्ही तिच्याशी चेंबरमध्ये बोललो. ती सज्ञान असून तिने स्वेच्छेने घर सोडल्याचे सांगितले. ती बेकायदा अटकावात नाही. तिला इच्छेनुसार जाण्याची मुभा आहे. याचिका निकाली काढण्यात येते.’ कधी एक ओळ जोडलेली असते: पोलिसांनी तिला तिच्या ठिकाणी सुरक्षित पोचवावं.

आता त्यात काय नाही ते बघा. मुलगी कुणाच्या ‘ताब्यात दिली’ असं नाही, कारण सज्ञान माणसाचा ताबा कुणाकडेच नसतो, आईवडिलांकडेही नाही आणि नवऱ्याकडेही नाही. ‘न्यायालयाने मुलीला पतीच्या स्वाधीन केले’ हे वाक्य म्हणून साफ चुकीचं. लग्न वैध ठरवलेलं नाही. तरुणाला क्लीन चिट नाही. त्याच्यावर गुन्हा नोंदवलेला असेल तर तो आपल्या वाटेने चालतो. याचिका ‘फेटाळली’ असंही नाही. प्रश्न उरला नाही म्हणून ती निकाली निघाली. मुलगी याउलट बोलली असती, ‘मला फोन देत नव्हते, मला घरी जायचंय’, तर आदेशातलं एकच वाक्य बदललं असतं: ती आईवडिलांसोबत जाऊ इच्छिते, तशी मुभा आहे. मुभा हा शब्द तसाच राहिला असता.

या मर्यादेपलीकडे गेलं की काय होतं त्याचं सर्वांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे केरळचं हादिया प्रकरण. वडिलांच्या हेबिअस याचिकेत केरळ उच्च न्यायालयाने मे 2017 मध्ये तिचं लग्नच रद्दबातल ठरवलं आणि ती सज्ञान असूनही तिला आईवडिलांकडे पाठवलं. नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिचं स्वतःचं म्हणणं ऐकलं आणि तिला शिक्षण पूर्ण करायला कॉलेजात जाऊ दिलं. 8 मार्च 2018 रोजी उच्च न्यायालयाचा निकाल फिरवला गेला. हेबिअसमध्ये विवाह रद्द करण्याचा अधिकारच वापरता येत नाही, हे त्यातून स्पष्ट झालं. त्याच वर्षी केरळच्याच आणखी एका प्रकरणात मुलगा 21 चा झालेला नव्हता. तिथेही दोघं सज्ञान आहेत, त्यांना एकत्र राहायचा हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं.

बातम्यांमध्ये याच नावाखाली दुसरं एक कुळ येतं आणि तिथे कुणाला हजर करत नाहीत. धोकादायक गुंडांना खटल्याशिवाय आत ठेवणाऱ्या एमपीडीए कायद्याखाली स्थानबद्ध केलेल्या माणसाची याचिका हेबिअसच असते, पण तो कुठे आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, तो कारागृहात असतो. प्रश्न कागदाचा असतो: आदेशाला उशीर का झाला, त्याला समजणाऱ्या भाषेत कागद दिले का, त्याचं निवेदन वेळेत विचारात घेतलं का. सर्वोच्च न्यायालयाने 1973 मध्ये कनू सन्याल प्रकरणात स्पष्ट केलं की हेबिअससाठी देह समोर आणणं आवश्यक नाही. अटकावाची कायदेशीरता तपासणं हा गाभा. तिथला अंतिम आदेश असतो: स्थानबद्धतेचा आदेश रद्द, अन्य प्रकरणात आवश्यक नसल्यास तत्काळ मुक्त करावे. त्या ‘अन्य प्रकरणात’मुळे पुष्कळ जण त्या संध्याकाळी घरी पोचत नाहीत, आणि बातमी ‘मुक्तता’ म्हणून छापून झालेली असते.

पोलिसांनी उचलून नेलेल्या माणसाचं गणित तासांचं आहे. प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांत दंडाधिकाऱ्यापुढे नेलं नाही तर हेबिअसचा पाया भक्कम. एकदा दंडाधिकाऱ्याने कोठडी दिली की सुनावणीच्या दिवशी तो माणूस न्यायालयीन आदेशाखाली आत असतो, आणि मग जामीन मागा, रिमांडला आव्हान द्या, असंच उत्तर मिळतं. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात उच्च न्यायालयाने हेबिअसमध्ये दिलेला सुटकेचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये याच कारणासाठी रद्द केला. रिमांडचा आदेशच उघड बेकायदा किंवा डोळे झाकून दिलेला असेल तर अपवाद होतो, पण तो सिद्ध करणं सोपं नाही. म्हणून अशा याचिकेत रात्री अकराचा फोन, ठाण्यातली सीसीटीव्हीची वेळ, स्टेशन डायरीतली नोंद यांना किंमत असते. ‘अमुक दिवशी नेलं’ याने भागत नाही, किती वाजता ते लागतं.

आणि कुणी सापडलंच नाही तर? मणिपूरमध्ये लष्कराच्या छावणीत नेलेले दोन पुरुष परतले नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने 1983 मध्ये त्यांना हजर करण्याचा रिट काढला. ते आमच्या ताब्यात नाहीत, छावणीतून निघून गेले होते, असं उत्तर येत राहिलं. ते न्यायालयाला पटलं नाही. 1984 मध्ये दोघांच्या पत्नींना प्रत्येकी 1 लाख रुपये देण्याचा आणि पोलिसांनी गुन्ह्याचा तपास करण्याचा आदेश झाला. देह समोर आणण्याचा हुकूम तिथे शेवटी पैशांत आणि तपासात उतरला. नुसत्या मिसिंगच्या याचिकेत इतकंही होत नाही. ती महिनोन्‌महिने तारखांवर चालते किंवा तपास सुरू ठेवण्याच्या सूचनेसह निकाली निघते.

आपल्या प्रकरणातल्या मुलीचा आदेश झाला त्या दुपारी तिच्या बाजूचा वकील तिला एकच काम सांगतो: आदेशाची प्रमाणित प्रत घे. मिसिंग दाखल झालेल्या ठाण्यात ती देऊन नोंद बंद करून घ्यायची, आणि राहत्या ठिकाणच्या ठाण्यातही एक प्रत द्यायची. दोन महिन्यांनी काकांनी वेगळ्या तालुक्यात नवा तक्रारअर्ज दिला की त्या अर्जावर शिपाई दारात येतो. त्याने हे प्रकरण वाचलेलं नसतं, निकाली शब्दाचा अर्थही त्याला ठाऊक असेलच असं नाही. शिक्का असलेला कागद दाखवला की तो त्याचा फोटो काढून घेतो आणि निघून जातो.